‘काम रखडले’ असे आधीच मानून चालताना : विलंब शोधणारी ‘प्री-मॉर्टेम’ पद्धत

झाशी : बुंदेलखंडात सार्वजनिक कामाला झालेला तीन आठवड्यांचा उशीर अनेकदा तीन आठवड्यांचा राहत नाही. मे महिन्याअखेर संपायचे खोदकाम जूनच्या उत्तरार्धापर्यंत लांबले, की पाऊस सुरू होतो, काळ्या मातीतले चर ढासळतात, यंत्रे रुततात आणि उरलेले काम थेट ऑक्टोबरवर जाते. ज्या वस्तीला उन्हाळ्यात पाणी मिळायचे, तिला पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी लागते. त्यामुळे येथे काम किती दिवसांत होईल याच्याइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ते नेमके कशामुळे लांबेल, हे पहिली कुदळ पडण्याआधी कळू शकेल काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक साधी पद्धत व्यवस्थापनशास्त्रात ‘प्री-मॉर्टेम’ या नावाने ओळखली जाते. मृत्यूचे कारण मृत्यूनंतर शोधणे म्हणजे पोस्ट-मॉर्टेम. येथे क्रम उलटा असतो. प्रकल्प अजून सुरूही झालेला नसताना तो रखडला आहे असे मानायचे आणि संबंधितांनी त्या अपयशाची कारणे लिहायची. तिला खर्च फारसा नाही, साधारण दोन तास पुरतात. मात्र ती कधी, कोणासोबत आणि कोणत्या शब्दांत घेतली जाते, यावर तिचा उपयोग अवलंबून असतो.

वर्षे कोठे जातात?

विलंब प्रत्यक्ष बांधकामात कमी आणि त्याच्या आधी जास्त होतो, याचे मोठे उदाहरण झाशीशी जोडलेले आहे. केन नदीचे पाणी बेतवा नदीत आणणाऱ्या केन-बेतवा जोड प्रकल्पाचा २२१ किलोमीटरचा कालवा झाशी जिल्ह्यात बेतवेपर्यंत येणार आहे. या प्रकल्पासाठी केंद्र, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश यांच्यातील पहिला सामंजस्य करार ऑगस्ट २००५ मध्ये झाला. दोन्ही राज्यांनी अंमलबजावणीच्या करारावर २२ मार्च २०२१ रोजी सह्या केल्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने ८ डिसेंबर २०२१ रोजी ४४,६०५ कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी देऊन आठ वर्षांची मुदत ठरवली आणि खजुराहो येथे पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ रोजी झाली.

पहिला करार आणि पायाभरणी यांच्यामध्ये १९ वर्षे गेली. या काळात अडले ते प्रामुख्याने दोन ठिकाणी. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत कोणत्या राज्याला किती पाणी मिळणार, यावर दोन्ही राज्यांचे एकमत होत नव्हते. दुसरीकडे पन्ना व्याघ्र प्रकल्पातील जंगल पाण्याखाली जाणार असल्याने वन आणि वन्यजीव मंजुऱ्यांचा प्रश्न होता. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने २०१६ मध्ये मान्यता दिली, तर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीने आपल्या अहवालात तिच्यावर गंभीर प्रश्न उपस्थित केले. अंतिम वनमंजुरी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. जंगल जाणार असेल तर असे प्रश्न विचारले जाणे योग्यच आहे. मात्र वेळापत्रक मांडणाऱ्याने यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धरणाची भिंत किती दिवसांत उभी राहील याचा हिशेब अभियंते बऱ्यापैकी अचूक करतात; सहीला लागणारा वेळ मात्र त्या हिशेबात बहुधा एका ओळीत उरकलेला असतो.

केंद्रीय सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय १५० कोटी रुपये आणि त्याहून अधिक खर्चाच्या केंद्रीय प्रकल्पांवर देखरेख ठेवते. त्याच्या अहवालांत विलंबाची म्हणून जी कारणे वारंवार येतात, त्यांत भूसंपादन, वन व पर्यावरण मंजुरी, तपशीलवार आराखड्याला लागलेला वेळ, कामाच्या व्याप्तीतील बदल आणि निविदेतील दिरंगाई यांचा समावेश असतो. कारणे नवी नाहीत, ती दरवर्षी छापली जातात. तरीही पुढच्या प्रकल्पाच्या वेळापत्रकात त्यांना जागा मिळत नाही, कारण वेळापत्रक ठरते त्या बैठकीत ती उच्चारण्याची सोय नसते.

‘रखडेल’ आणि ‘रखडले’ यांतील अंतर

प्री-मॉर्टेमची पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी मांडली. अग्निशमन दलाचे अधिकारी धुराने भरलेल्या इमारतीत क्षणात निर्णय कसे घेतात, यावरील अभ्यासासाठी ते ओळखले जातात. सप्टेंबर २००७ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील एका छोट्या लेखाने ही पद्धत सर्वदूर पोहोचली. नोबेल पुरस्काराने सन्मानित डॅनिएल कानेमन यांनीही २०११ च्या आपल्या पुस्तकात तिची शिफारस केली. माणसे आपल्या कामाला लागणारा वेळ सातत्याने कमी धरतात, ही बाब कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडली होती.

या पद्धतीमागे १९८९ मधील एक प्रयोग आहे. डेबोरा मिचेल, जे. रुसो आणि नॅन्सी पेनिंग्टन यांनी काही जणांना एखादी घटना ‘घडू शकते’ असे सांगून, तर काही जणांना ती ‘घडली आहे’ असे सांगून तिची कारणे विचारली. घटना निश्चित घडली आहे असे गृहीत धरणाऱ्यांनी अधिक आणि अधिक ठोस कारणे दिली. त्यामुळे प्री-मॉर्टेममध्ये प्रश्नाची क्रियापदे महत्त्वाची असतात. ‘या कामात कोणत्या अडचणी येऊ शकतात?’ असे विचारले, तर ‘पाऊस, मजूर, परवानग्या’ अशी ठरावीक यादी येते. ‘आज पुढच्या वर्षीचा ३१ ऑगस्ट आहे, नळाला पाणी आलेले नाही. काय झाले?’ असे विचारले, तर माणूस आठवणीतला एखादा खरा प्रसंग शोधू लागतो.

दुसरे कारण सरकारी कार्यालयात काम केलेल्या कोणालाही पटेल. साहेबांनी तारीख जाहीर केल्यानंतर ‘हे होणार नाही’ असे म्हणणारा कनिष्ठ अभियंता नकारात्मक ठरतो. प्री-मॉर्टेममध्ये अपयश साहेबांनीच गृहीत धरलेले असते. तेथे अडचण सांगणे ही अवज्ञा राहत नाही. ते सोपवलेले काम होते.

एका जलवाहिनीचे उदाहरण

पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासाठी झाशीच्या परिस्थितीत बसणारे एक काल्पनिक काम घेऊ. शहराच्या कडेच्या वस्त्यांसाठी १२ किलोमीटर लांबीची जलवाहिनी टाकायची आहे. कामाचे दर आणि वेग येथे हिशेब सोपा व्हावा म्हणून मानलेले आहेत. अडचणी मात्र या प्रदेशातल्याच आहेत.

कागदावरचे वेळापत्रक असे आहे. १ ऑक्टोबरला कार्यारंभ आदेश. मोजणी आणि नकाशांची मंजुरी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. पाइप १५ जानेवारीपर्यंत जागेवर. खोदकामाच्या दोन तुकड्या, प्रत्येकी दिवसाला ८० मीटर. म्हणजे दोन्ही मिळून दिवसाला १६० मीटर आणि १२ किलोमीटरला ७५ कामाचे दिवस. महिन्याला २५ दिवस धरल्यास काम १५ एप्रिलला संपते. नंतर एक महिना दाबचाचणी आणि वाहिनी धुण्यासाठी. ३१ मे रोजी पाणी सुरू करायचे असल्याने दोन आठवडे शिल्लकही राहतात. वेळापत्रकात वरकरणी काहीच चुकीचे नाही.

बैठक त्याआधीच्या एप्रिलमध्ये, म्हणजे निविदा निघण्यापूर्वी घेतली जाते. ही वेळ महत्त्वाची आहे. आराखडा पुरेसा तयार असावा लागतो, नाही तर टीका कशावर करायची हे कळत नाही. पण करार झालेला नसावा, नाही तर सापडलेली चूक दुरुस्त करायला जागा उरत नाही.

बोलावायचे कोणाला, हे त्याहून महत्त्वाचे. कार्यकारी अभियंता आणि आराखडा करणारा यांच्यासह प्रत्यक्ष जागेवर उभा राहणारा कनिष्ठ अभियंता, देयके पाहणारा लेखाधिकारी, भांडारपाल, याआधी त्याच भागात खोदकाम केलेला पर्यवेक्षक आणि लेखपाल, म्हणजे महाराष्ट्रातील तलाठ्यासारखा महसूल कर्मचारी, असे आठ ते दहा जण पुरतात.

सुरुवातीची दहा मिनिटे आराखडा समजावण्यात जातात. मग प्रमुख सांगतो की आज पुढच्या वर्षीचा ३१ ऑगस्ट आहे आणि पाणी आलेले नाही. प्रत्येकाने कोणाशीही न बोलता पाच मिनिटे कारणे लिहायची. त्यानंतर एकेकाने एकच कारण वाचायचे, पुढच्याने पुढचे, याप्रमाणे सर्व याद्या संपेपर्यंत फेऱ्या होतात. सर्वांत कनिष्ठ व्यक्तीपासून सुरुवात होते आणि प्रमुख शेवटी बोलतो. या टप्प्यावर कोणत्याही कारणावर चर्चा नाही, खुलासा नाही. फळ्यावर लिहायचे आणि पुढे जायचे.

फळ्यावर काय येते?

पर्यवेक्षकाच्या कागदावर ‘खडक’ हा शब्द असतो. बुंदेलखंडात मार आणि काबर या काळ्या, तर परुआ आणि राकर या तांबूस जमिनी आढळतात. राकर जमिनीचा थर अनेक ठिकाणी पातळ असतो आणि त्याखाली बुंदेलखंडाचा कठीण ग्रॅनाइट लागतो. आराखड्यात सर्वत्र मातीचा वेग धरलेला आहे. वाहिनीच्या मार्गातील सुमारे चार किलोमीटर खडक निघेल, असे पर्यवेक्षकाचे म्हणणे आहे.

कनिष्ठ अभियंत्याने रेल्वे लिहिलेली असते. झाशी हे मोठे रेल्वे जंक्शन आणि विभागीय मुख्यालय आहे. शहरात लष्कराची छावणी आहे आणि उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम हे दोन्ही महामार्ग येथेच एकमेकांना छेदतात. त्यामुळे येथे काही किलोमीटरची वाहिनी टाकायची तरी जमिनीचे मालक अनेक असतात. या मार्गात रेल्वेरूळ एकदा ओलांडायचे आहेत. रुळांखालून वाहिनी ढकलण्यासाठी रेल्वेची मंजुरी लागते आणि काम तिच्या देखरेखीखाली करावे लागते. वेळापत्रकात या परवानगीचा अर्ज नकाशे पूर्ण झाल्यानंतर कंत्राटदाराने करायचा, असे गृहीत आहे.

लेखपालाचे कारण सर्वांत साधे असते. तीन किलोमीटर मार्ग शेतातून जातो आणि वेळापत्रकानुसार तेथे फेब्रुवारीत खोदाई आहे. तेव्हा शेतात गहू, हरभरा, वाटाणा उभा असतो. शेतकरी तेव्हा यंत्र आत येऊ देणार नाही. लेखाधिकारी मार्चअखेरची आठवण करून देतो. त्या आठवड्यांत देयके अडकली, तर कंत्राटदार मजूर कमी करतो. आणखी एकाने झाशीच्या किल्ल्यामुळे पुरातत्त्व खात्याची परवानगी अडेल, असे लिहिलेले असते.

फळ्यावर अशी पंचवीस-तीस कारणे जमतात. सारखी कारणे एकत्र केली जातात आणि प्रत्येक जण आपल्याला सर्वांत गंभीर वाटणाऱ्या तीन कारणांपुढे खूण करतो. ज्यांवर अधिक खुणा पडतात, त्या चार-पाच कारणांवरच उरलेला वेळ द्यायचा. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे. हे घडले तर किती दिवस जातील? ते घडत असल्याचे आपल्याला सर्वांत आधी कधी कळेल? आणि ते आजच तपासून पाहण्याचा स्वस्त मार्ग कोणता?

खडकाचा हिशेब

खडकाला पहिला प्रश्न लावल्यावर वेळापत्रक कोसळते. आठ किलोमीटर मातीला दिवसाला १६० मीटर या वेगाने ५० दिवस लागतात. खडक फोडणाऱ्या यंत्राने एक तुकडी दिवसाला २५ मीटर पुढे जाते असे धरले, तर दोन तुकड्यांचे ५० मीटर होतात आणि चार किलोमीटरला ८० दिवस लागतात. एकूण १३० दिवस, म्हणजे मूळ अंदाजापेक्षा ५५ दिवस जास्त. १५ जानेवारीला सुरू झालेले काम १५ एप्रिलऐवजी २० जूनच्या आसपास पोहोचते. शेतातील टप्पा उभ्या पिकामुळे मागे टाकलेला असतो, त्यामुळे शेवटी उरतो तोच. ऐन पावसाच्या तोंडावर काळ्या जमिनीत चर उघडे राहतात. पावसाने गाठले, तर चाचणीसह काम पुन्हा नोव्हेंबरपर्यंत जाते.

निविदेच्या दृष्टीने खडकाचा आणखी एक परिणाम होतो. अंदाजपत्रकात माती, मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक यांचे दर वेगळे असतात. कठीण खडकाचे परिमाण कमी दाखवले असेल आणि प्रत्यक्षात ते कितीतरी पट निघाले, तर वाढीव परिमाणाला नव्याने मंजुरी घ्यावी लागते. ती येईपर्यंत कंत्राटदार हात आखडता घेतो. म्हणजे खडक फोडायला लागणारे दिवस वेगळे आणि त्याच्या कागदांना लागणारे दिवस वेगळे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्वस्त निघते. मार्गावर दर २५० मीटरला दीड मीटर खोल चाचणी खड्डा घ्यायचा. १२ किलोमीटरला असे ४८ खड्डे लागतात. एका यंत्राने दिवसाला १२ खड्डे घेतले, तर चार दिवसांचे काम. ते मे महिन्यात, निविदेपूर्वी झाले, तर खडकाचे परिमाण अंदाजपत्रकात आधीच येते आणि पर्यवेक्षकाचा अंदाज बरोबर की चूक, हेही ठरते.

क्रम बदलल्याने वाचलेले दिवस

उपाय शोधताना सहसा ‘मनुष्यबळ वाढवावे’ हे पहिले उत्तर येते. येथे तिसरी तुकडी घेणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. तीन तुकड्यांनी खडकात दिवसाला ७५ मीटर झाले तरी चार किलोमीटरला ५३ दिवस लागतात. पाच किलोमीटर रस्त्याकडेच्या मातीला २१ आणि तीन किलोमीटर शेताला सुमारे १३ दिवस. एकूण ८७ दिवस. १५ जानेवारीपासून मोजल्यास ही बेरीज एप्रिलअखेर जाते आणि चाचणी ३१ मेपर्यंत. काम वेळेत बसते, पण हाताशी एकही दिवस शिल्लक राहत नाही.

शिल्लक दिवस मिळतात ते क्रम बदलून. खडकाचा सगळा भाग रस्त्याच्या कडेने आहे, तेथे पिकाचा प्रश्न नाही. त्या भागाचे नकाशे आधी मंजूर करून घेतले आणि पाइप दोन खेपांत मागवले, तर पहिली खेप १५ डिसेंबरला येऊ शकते. खडकाचे काम मग १९ फेब्रुवारीच्या सुमारास संपते, रस्त्याकडेची माती मार्चच्या मध्यापर्यंत. शेते कापणीनंतर, १० एप्रिलच्या सुमारास मोकळी होतात आणि तेथील काम २५ एप्रिलपर्यंत होते. दरम्यान तयार झालेल्या भागांची दाबचाचणी तुकड्या-तुकड्यांनी उरकलेली असते. शेवटी फक्त शेतातील तीन किलोमीटरची चाचणी राहते आणि मेच्या मध्याला वाहिनी तयार होते.

या वेळापत्रकात मार्चच्या मध्यापासून १० एप्रिलपर्यंत तुकड्या मोकळ्या दिसतात. वरिष्ठ कार्यालयात ते दिवस वाया गेल्यासारखे वाटतील आणि ते कापण्याचा आग्रह होईल. प्रत्यक्षात तीच या कामाची राखीव मुदत आहे. खडक अपेक्षेपेक्षा अधिक निघाला किंवा मार्चअखेर देयक अडकले, तर तो उशीर या साडेतीन आठवड्यांत जिरतो. शेतातील टप्पा हलत नाही.

रेल्वेच्या परवानगीचा अर्ज कंत्राटदाराची वाट न पाहता कार्यालयानेच मे महिन्यात करायचा, असे ठरते. शिवाय रुळांच्या दोन्ही बाजूंची वाहिनी स्वतंत्रपणे तपासून ठेवायची. परवानगी लांबली तरी उरेल ते फक्त ओलांडणीचे काम, आणि पाइप जोडले की पाणी सोडता येईल.

किल्ल्याच्या कारणाची कथा वेगळी आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते, ही भीती लिहिणाऱ्याची माहिती बरोबर होती. परंतु प्राचीन स्मारके कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने ‘बांधकाम’ या शब्दाची जी व्याख्या केली, तिच्यातून सार्वजनिक पाणीपुरवठ्याची कामे वगळली आहेत. शिवाय हा मार्ग शहराच्या कडेचा आहे. पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या झाशी मंडळाला पत्र पाठवून लेखी उत्तर फाइलला लावायचे, इतकेच काम उरते. प्री-मॉर्टेममध्ये निघालेले प्रत्येक कारण खरे नसते. ते तपासून बाजूला ठेवणे हाही बैठकीचाच भाग आहे, नाही तर प्रत्येक भीतीसाठी वेळापत्रकात दोन आठवडे घातले जातात आणि तारखेवर कोणाचाच विश्वास राहत नाही.

इशाऱ्याच्या तारखा

बैठकीतून एकच पान बाहेर पडावे लागते. त्यावर प्रत्येक निवडक कारणापुढे जबाबदार व्यक्ती, करायची गोष्ट आणि इशाऱ्याची तारीख असते. ‘परवानगीचा पाठपुरावा करणे’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘३० नोव्हेंबरपर्यंत रेल्वेचे मंजुरीपत्र हातात नसेल, तर कार्यकारी अभियंता विभागीय कार्यालयात स्वतः जातील’ ही नोंद उपयोगाची आहे. खडकासाठी इशारा वेगळ्या स्वरूपाचा असतो. पहिल्या दहा कामाच्या दिवसांत सरासरी ६० मीटरपेक्षा कमी प्रगती झाली, तर चौथे यंत्र मागवायचे. दहा दिवसांनंतर ६० आणि ७५ मीटरमधील फरक १५० मीटरचाच असतो आणि तो भरून काढता येतो. तोच फरक महिन्याअखेरच्या अहवालात दिसला, तर बराच उशीर झालेला असतो.

यातील प्रत्येक नोंद मूळ वेळापत्रकात कामाची ओळ म्हणून चढवावी लागते. वेगळ्या फाइलमध्ये राहिलेली जोखमींची यादी सहसा पुन्हा उघडली जात नाही.

बैठक फसली, हे कसे ओळखावे?

फळ्यावर ‘समन्वयाचा अभाव’, ‘नियोजनातील त्रुटी’, ‘स्थानिकांचा विरोध’ असे शब्द भरले असतील, तर बैठक अजून झालेलीच नाही. अशा वेळी कोणता कागद, कोणाच्या टेबलावर, कोणत्या महिन्यात अडकला, असे पुन्हा विचारावे लागते. ‘स्थानिकांचा विरोध’ या शब्दांखाली ‘फेब्रुवारीत गहू उभा असतो’ हे साधे वाक्य दडलेले असते आणि त्याचे उत्तर पोलीस बंदोबस्तात नसून एप्रिलमध्ये असते.

सगळी कारणे बाहेरची निघाली, म्हणजे दोष केवळ रेल्वेचा, वनखात्याचा, पावसाचा किंवा कंत्राटदाराचा ठरला, तर समजावे की खोलीत कोणी मोकळेपणाने बोलले नाही. आपल्याच कार्यालयात नकाशा सहा आठवडे पडून राहिला, हे कारण जोपर्यंत कोणी लिहीत नाही, तोपर्यंत प्रमुखाची उपस्थिती जड होत आहे. असे असल्यास चिठ्ठ्या नावाशिवाय गोळा करून तिसऱ्याच व्यक्तीने वाचाव्यात.

या पद्धतीची एक मर्यादा कायम राहते. ती कारणे सांगते, त्यांची शक्यता किती हे सांगत नाही. खोलीत बसलेल्यांपैकी कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट तिच्यातून निघत नाही. पर्यवेक्षकाला बोलावले नसते, तर खडक फळ्यावर आला नसता. म्हणून बैठकीनंतर आणखी एक पडताळणी करावी लागते. त्याच भागातील आधीच्या चार-पाच समान कामांच्या फाइल काढून त्यांच्या ठरलेल्या आणि प्रत्यक्ष तारखा शेजारी-शेजारी मांडायच्या. ती कामे सरासरी पाच महिने लांबली असतील आणि नव्या वेळापत्रकात राखीव मुदत साडेतीन आठवड्यांची असेल, तर फळ्यावर न आलेले काहीतरी अजून बाकी आहे.

तसे झाल्यास तारीख बदलणे हाही एक प्रामाणिक निष्कर्ष असू शकतो. वस्तीतल्या लोकांना मे महिना सांगून नोव्हेंबरपर्यंत थांबवण्यापेक्षा आधीच खरी तारीख सांगितली, तर त्या उन्हाळ्यासाठी टँकरची तरतूद वेळेवर करता येते. ते पत्र एप्रिलच्या बैठकीनंतर निघाले तर उपयोगाचे. पुढच्या जूनमध्ये निघाले तर तो फक्त खुलासा असतो.